अनुभव धागा : पहिल्या नोकरीला लागलेल्या भाच्या-पुतण्याला तुम्ही काय आशीर्वाद दिलात?

रानवेल : धाकट्या बहिणीचा मुलगा नुकताच नोकरीत रुजू झाला. त्याला चार ओळी लिहायच्या आहेत. माझा मसुदा असा :

"चि. सोन्यास अनेक उत्तम आशीर्वाद. नोकरी लागल्याचं ऐकून खूप आनंद झाला. मन लावून काम कर, वरिष्ठांचा मान राख, पैसे जपून वापर, आईवडिलांना विसरू नकोस. घराण्याचं नाव मोठं कर. मावशी."

वाचताना आशीर्वाद कमी आणि ताकीद जास्त वाटते आहे. तुम्ही काय लिहिलंत, किंवा तुम्हाला कोणी काय म्हटलं होतं, ते शक्यतो त्याच शब्दांत सांगा.

सांजवारा : मसुद्यातली क्रियापदं बघा. कर, राख, वापर, विसरू नकोस, पुन्हा कर. सगळी कामं त्याच्याच अंगावर. आशीर्वादाची क्रियापदं 'होवो', 'लाभो', 'मिळोत' अशी असतात. त्यात मागणं असतं, पण त्याच्याकडे नसतं, त्याच्यासाठी असतं. मला नोकरी लागली तेव्हा थोरल्या काकांचं पत्र आलं होतं : "कामावर रुजू झाल्याचे कळले, संतोष वाटला. तुझ्या हातून चांगले काम होवो. शिकवणारी माणसे भेटोत. प्रकृती उत्तम राहो." खाली फक्त सही. काका एरवी उपदेशाला मागेपुढे बघणारे नव्हते, पण त्या पत्रात एकही आज्ञा नाही. पत्र अजून जपून ठेवलं आहे.

घराण्याचं नाव मात्र काढाच. कमाईच्या पहिल्याच आठवड्यात पोराच्या डोक्यावर कर्ज कशाला?

कोरडा_पाऊस : एवढा विचार कशाला? "यशस्वी भव" म्हणावं, त्यात सगळं आलं. आमच्याकडे भाचा, भाची, कोणीही वाकलं की हेच.

सांजवारा : समोर वाकलेल्या मुलाच्या डोक्यावर हात असतो तेव्हा तेवढं पुरतंच. तिथे हातच बोलतो. लिहून पाठवलं तर मात्र ते कुणालाही पाठवता येईल असं होतं. आणि भाचीला "यशस्विनी भव".

मुक्कामपोस्ट : त्याला नियुक्तीपत्र नीट वाचायला सांगा. प्रोबेशन किती महिने, नोटीस पिरियड किती, नोकरी लवकर सोडली तर काही भरावं लागतं का. पोरं न वाचता सह्या करतात.

रानवेल : मुद्दा महत्त्वाचा आहे, सांगणारच आहे. पण ते फोनवर, वेगळं. आशीर्वादाच्या खाली जोडलं तर त्याला तेवढंच लक्षात राहील.

नवा_गडी : मी घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो, कारण मी हल्लीच लागलोय. सुरुवातीला कुणाची नावं लक्षात राहत नव्हती, सिस्टीमचा अॅक्सेस मिळाला नव्हता, दिवसभर दुसऱ्याच्या खुर्चीमागे बसून बघायचं. आणि घरून येणारे मेसेज "खूप मोठा हो", "साहेब हो". वाईट काहीच नव्हतं त्यात, पण त्या दिवसांत ते फार लांबचं वाटायचं. आत्याने लिहिलं होतं : "सुरुवातीला काही कळत नाही, ते सगळ्यांचंच होतं. तुला निःसंकोच विचारता येईल असं एक माणूस तिथे लवकर मिळो. उत्तराची घाई नाही." शेवटच्या वाक्याने इतकं हलकं वाटलं, की सगळ्यांत आधी उत्तर तिलाच दिलं.

पाऊलवाट : माझा प्रश्न अवघड आहे. पुतण्याने नोकरी घेतली ती घराला गरज होती म्हणून. त्याला पुढे शिकायचं होतं. घरात सगळे अभिनंदन करत होते आणि तो मान खाली घालून होता. मी लिहिलं, "या नोकरीने तुझी पुढची वाट मोकळी होवो." त्याने विचारलं, "काका, कोणती वाट?" मी अजून उत्तर दिलेलं नाही. अशा मुलाला नोकरीचा आशीर्वाद द्यावा, की नोकरीचं नावही न घेता फक्त त्याला द्यावा?

नवा_गडी : काका, त्याने विचारलंय म्हणजे त्याला बोलायचंय. लिहू नका, भेटा.

सांजवारा : मला उलट वाटतं. लिहा, आणि शिक्षणाचं नाव घेऊन लिहा : "तुझं शिक्षण पूर्ण होवो." त्याची इच्छा घरातल्या एका मोठ्या माणसाच्या लक्षात आहे, हे त्याच्याजवळ लिहिलेलं राहील.

रानवेल : पाऊलवाट, तुमचं वाचून थांबले होते. माझा नवा मसुदा :

"चि. सोन्या, अनेक उत्तम आशीर्वाद. तू कामाला लागलास, फार आनंद झाला. तुला समजावून सांगणारी माणसं भेटोत, हाताला यश येवो, रात्री शांत झोप लागो. सावकाश उत्तर दे. मावशी."

घरच्या ग्रुपवर टाकू की त्याला एकट्याला?

नवा_गडी : एकट्याला. ग्रुपवर सगळ्यांदेखत "थँक यू मावशी" एवढंच लिहिता येतं.

कोरडा_पाऊस : ग्रुपवरच टाका हो, बहिणीलाही वाचून बरं वाटेल.

रानवेल : बहिणीला वेगळं लिहीन. त्या ग्रुपवर त्याचा चुलतभाऊही आहे, आणि तो अजून मुलाखती देतोय.