एका दाबात ॲक्सिलरेटर चालू राहील अशी जोडणी हवी आहे

माझ्या 11 वर्षांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. ती एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलरवर ‘फोर्झा होरायझन 5’ खेळते. उजव्या हाताने ती यूएसबी जॉयस्टिक चांगली वळवते, पण ॲक्सिलरेटरच्या, म्हणजे आरटीच्या 3.5 मिमी जॅकला जोडलेले मोठे बटण डाव्या मुठीने दाबता येत असले तरी दाबून धरता येत नाही. दहा-पंधरा सेकंदांत मनगट आत वळते आणि गाडी थांबते.

बटण गुडघ्याशी लावून पाहिले, तर पाय ताठरतो. दोन कंट्रोलर मिळून एकच खेळाडू चालवता येणारी को-पायलट सोय वापरून ॲक्सिलरेटर मी सांभाळला, तेव्हा “मग गाडी तूच चालवतेस ना?” असे म्हणून तिने जॉयस्टिक सोडली. ब्रेक आणि स्टिअरिंगचे साहाय्य चालू आहे, ऑफलाइन खेळाचा वेगही कमी केला आहे. त्यामुळे सततच्या पूर्ण वेगाची अडचण नाही.

खेळण्यांच्या स्विचसाठी मिळणारी लॅच पेटी, म्हणजे एकदा दाबल्यावर चालू आणि पुन्हा दाबल्यावर बंद होणारी, बटण आणि जॅक यांच्यामध्ये कोणी लावली आहे का? मला सोल्डरिंग येत नाही. अशा पेटीचे आउटपुट केवळ संपर्क जोडणारे आहे, जॅकमध्ये व्होल्टेज सोडणारे नाही, हे विकत घेण्यापूर्वी कसे ओळखावे?