शब्दचर्चा : ‘ओव्हरफ्लक्सिंग’ म्हणजे ओव्हरव्होल्टेजच ना?

घणसोलीकर : आमच्या रिलेत ५९ नंबरला ओव्हरव्होल्टेज आहे आणि वर २४ नंबरला ओव्हरफ्लक्स. दोन्ही एकच असेल तर दोनदा पैसे कशाला घेतात?

रबाळे_मेंटेनन्स : एकच की. व्होल्टेज वाढलं की फ्लक्स वाढतो, त्यालाच म्हणायचं ओव्हरफ्लक्स.

ठाण्याचे काका : अर्धं बरोबर आहे तुझं. व्होल्टेज अजिबात न वाढता पण ट्रान्सफॉर्मरचा कोअर ओव्हरफ्लक्स होतो, आणि ५९ ला त्याचा पत्ताच लागत नाही. समज टर्बाइन बंद करतोयस, ब्रेकर उघडला पण फील्ड चालूच राहिलं, स्पीड उतरतोय आणि एव्हीआर बिचारा इमानदारीत एक्सायटेशन वाढवून व्होल्टेज धरून ठेवतोय. पीटीवर ११० व्होल्ट तसेच, फ्रिक्वेन्सी मात्र ४२. आधी ११० भागिले ५० म्हणजे २.२ होतं, आता २.६२ झालं, म्हणजे १९ टक्के जास्त. कोअर १.७ टेस्लावर डिझाइन केलेला असेल तर तो २ च्या वर जातो, आणि सीआरजीओ तिथे भरतोच.

वाशीची_इलेक्ट्रिकल : पण काका, व्होल्टेज तेवढंच असताना फ्लक्स का वाढतो?

ठाण्याचे काका : व्होल्टेज किती आणि किती वेळ, दोन्हीवर फ्लक्स चढतो गं. ५० हर्ट्झला अर्धी सायकल १० मिलिसेकंदांची, ४२ ला जवळपास १२ ची. एकाच दिशेने जास्त वेळ ढकललं जातं म्हणून शेंडा वर जातो. कोअर भरला की मॅग्नेटायझिंग करंट टोकदार होऊन उसळतो, फ्लक्स बाहेर सांडून टाकीत नि क्लॅम्पमध्ये शिरतो, ते लोखंड तापतं. आवाजही बदलतो.

कोपरखैरणे_सोसायटी : आमच्या डीजीवर लिफ्ट सुरू झाली की फ्रिक्वेन्सी ४८ होते, ट्रान्सफॉर्मर उडेल का?

ठाण्याचे काका : तुमचा डीजी ४१५ वरच चालतो ना, मग मध्ये ट्रान्सफॉर्मर आहेच कुठे? आणि ४८ म्हणजे जेमतेम ४ टक्के. आपल्याकडच्या बऱ्याच स्पेकमध्ये ११० टक्के कायम चालतं.

रबाळे_मेंटेनन्स : आमच्याकडे एकदा असंच बंद करताना डिफरन्शियल उडालं होतं, आत फॉल्ट म्हणून तेल तपासलं, काहीच नाही निघालं.

ठाण्याचे काका : त्यावेळचं रेकॉर्ड असेल तर पाचवा हार्मोनिक बघ, तिसरा डेल्टातच फिरत राहतो. पाचवा मोठा दिसला तर हेच. म्हणून तर ८७ नंबरच्या डिफरन्शियलला पाचव्याचा ब्लॉक देतात आणि खरं काम २४ वर सोपवतात, जितकं जास्त तितकं लवकर ट्रिप.

वाशीची_इलेक्ट्रिकल : पण ब्रेकर उघडाच असेल तर २४ ने ट्रिप काय करायचं?

ठाण्याचे काका : फील्ड ब्रेकर. ग्रिडवर असताना मात्र काय काय पाडायचं, यावर आमच्यातच दोन तट आहेत.

घणसोलीकर : आमच्या २४ चं ट्रिप फक्त मेन ब्रेकरला जोडलंय 😬