मदत हवी आहे: बाळंतपणाच्या ब्रेकनंतर रिक्रूटरला पहिला मेल कसा लिहू? ठाणे, अकाउंट्स

घोडबंदरवाली
नमस्कार मंडळी. कासारवडवलीला राहते, अकाउंट्समधे सहा वर्षं काम केलंय, व्हेंडरची बिलं, टीडीएस, थोडं जीएसटी. मॅटर्निटी लीव्ह संपली आणि मार्च 2023 मधे राजीनामा दिला, आता मुलगी तीन वर्षांची, प्लेग्रुपला जाते, नंतर सासूबाई बघतात. ऐरोलीच्या एका कंपनीसाठी अकाउंट्स पेएबलला माणूस हवाय, रिक्रूटरचा मेल आयडी मैत्रिणीने दिलाय. मेल इंग्लिशमधेच जाणार पण इथे मराठीत टाकते:

"आदरणीय मॅडम, बाळामुळे मी 2023 पासून घरीच आहे त्यामुळे थोडी टचमधे नाही, पण मेहनती आहे, लवकर शिकेन. पगाराची विशेष अपेक्षा नाही. कृपया एक संधी द्यावी."

नवरा म्हणतो ठीक आहे. मलाच वाचून कसंतरी होतंय.

कोपरखैरणे_एक्सप्रेस
26 आठवडे भरपगारी रजा मिळते ना, मग राजीनामा कशाला? माझ्या बायकोच्या एचआरने पण असाच घोळ घातला होता, लेबर ऑफिसला अर्ज टाका.

घोडबंदरवाली
अहो दादा, रजा पूर्ण मिळाली होती, भांडण काहीच नाही, आता नवी नोकरी शोधतेय.

मंजू_वाशी
ब्रेक लिहूच नकोस. 2023 पासून फ्रीलान्स म्हणून टाक, कोण बघतंय. आणि पगार कमी सांग, कॉल पटकन येतो.

भरतीवाली_ताई
मी बारा वर्षं हेच काम करते, महापे आणि ऐरोलीच्या कंपन्यांसाठी. मंजू, बघतात गं. ऑफर देताना व्हेरिफिकेशनवाले यूएएन मागतात, पीएफची सर्व्हिस हिस्टरी उघडली की शेवटची नोकरी कधी सुटली ते समोर येतं. फ्रीलान्सचा पीएफ नसतो हे खरं, पण मग ते विचारणार क्लायंट कोण, बिल दाखवा. खरंच काम केलं असेल तरच लिहायचं.

घोडबंदरवाली, तुझ्या मेलमधे ब्रेक अडत नाहीये. अख्ख्या मेलमधे तू कुठलं काम करतेस तेच नाही. मी मेल फोनवर बघते, सब्जेक्टचे पहिले चार शब्द दिसतात, त्यात कामाचं नाव नसेल तर तो मेल संध्याकाळवर जातो आणि संध्याकाळ काही येत नाही. मधल्या काळात हिशेबाचं काही केलंस का?

घोडबंदरवाली
तसं काही नाही. म्हणजे दिरांचं कळव्याला हार्डवेअरचं दुकान आहे, त्यांचे रिटर्न गेल्या वर्षापासून मीच भरते, जीएसटीआर-1 आणि 3बी. 2बीशी बिलं जुळवते, ते नवीन आयएमएस आलंय त्यात सप्लायरची बिलं अ‍ॅक्सेप्ट-रिजेक्ट पण मीच करते. घरचंच काम ते.

भरतीवाली_ताई
अगं बाई! आयएमएस पोर्टलवर आलं ऑक्टोबर 2024 मधे, तू नोकरी सोडल्यानंतर. म्हणजे "टचमधे नाही" हे तुझं तूच खोडलंस. फक्त फुगवून लिहू नकोस, एक दुकान म्हणजे एक दुकान. असं कर:

सब्जेक्ट: अकाउंट्स पेएबल, 6 वर्षं अनुभव, ठाणे, लगेच जॉइन

"नमस्कार मॅडम, ऐरोलीच्या अकाउंट्स पेएबल जागेसाठी लिहितेय. मी सहा वर्षं व्हेंडरची बिलं, पीओशी जुळवणी, टीडीएस आणि महिनाअखेरचं क्लोजिंग सांभाळलं. मार्च 2023 पासून मुलीसाठी ब्रेक घेतला, आता पूर्ण वेळ कामाला तयार आहे. गेल्या वर्षापासून एका कौटुंबिक दुकानाचे जीएसटी रिटर्न मी भरते, 2बी आणि आयएमएससकट. या आठवड्यात दुपारी 12 ते 2 फोनवर बोलता येईल. रेझ्युमे जोडला आहे."

क्लोजिंग केलं नसशील तर ते काढ, आणि महिन्याला साधारण किती बिलं जायची तो आकडा आठवत असेल तर घाल, मी आधी तेच शोधते. ब्रेकला एकच वाक्य पुरे. बाळ कोण सांभाळतं हे मेलमधे नको, विचारलंच तर "घरची सोय झालेली आहे" आणि पुढे कामाचं बोल.

मंजू_वाशी
यूएएनचं माहीत नव्हतं. पण पगाराचं मी म्हणते ते बरोबरच आहे, माझ्या जावेला तसाच कॉल आला.

भरतीवाली_ताई
कॉल येतो गं, पण मग तोच आकडा चिकटतो. मी तरी पहिल्या मेलमधे पगार घालू देत नाही. विचारतील तेव्हा शेवटचा सीटीसी खरा सांगायचा, अपेक्षा आजच्या रेंजनुसार. छोट्या फर्ममधे मात्र आधीच विचारतात, तिथे माझं चालत नाही.

कोपरखैरणे_एक्सप्रेस
ऐरोलीला जाणार कशी? ठाण्याहून ट्रेन सोपी आहे, दिघा गाव मग ऐरोली, पण कासारवडवली ते स्टेशन सकाळी किती वेळ लागतो ते बघितलंय का?

घोडबंदरवाली
ते बघितलंय, म्हणून तर शिफ्ट दहाची आहे का तेच विचारायचंय. ताई, हे पहिल्याच मेलमधे विचारलं तर चालेल का? क्लोजिंग केलंय मी, बिलं महिन्याला चारशेच्या आसपास असायची.

भरतीवाली_ताई
चारशे लिही. शिफ्टचं फोनवर विचार.

मंजू_वाशी
मी तर मेलमधेच विचारेन बाई, उगाच ऐरोलीला हेलपाटा कशाला.