साल्हेर, कळसूबाई आणि खिंडीचं गणित

>> "साल्हेर १५६७ मीटर, मग प्रॉमिनन्सचा आकडा वेगळा का देतात? आणि आपल्या जिल्ह्यात सर्वात उंच नक्की कोण?"

उंची समुद्रसपाटीपासून मोजतात, प्रॉमिनन्स खिंडीपासून. म्हणजे शिखरावरून निघून त्याहून उंच जमिनीकडे जायचं, उतार कमीत कमी लागेल अशी वाट धरायची, त्या वाटेवरची सगळ्यात खालची जागा शिखराच्या उंचीतून वजा करायची. ल्होत्सेचं बघा ना, ८५१६ मीटर, पण एव्हरेस्टकडे जाताना साऊथ कोल ही खिंड ७९०६ च्या आसपास, म्हणून प्रॉमिनन्स जेमतेम ६१०.

साल्हेरला बरेच जण शेजारच्या सालोट्याकडची खिंड धरतात, ते चूक, कारण सालोटा बुटका आहे, ती खिंड सालोट्याच्या हिशोबाची. साल्हेरहून उंच म्हणजे थेट कळसूबाई (१६४६), त्यामुळे धारेधारेने पार दक्षिणेला येत मधली सगळ्यात खालची जागा शोधावी लागते, आणि तिथे नकाशावरच्या कंटूरमध्ये २० मीटरचं अंतर असलं की आकडा तेवढ्याने इकडेतिकडे होतोच.

आपल्या नाशिक जिल्ह्याचं म्हणाल तर तो हद्दीचा प्रश्न. कळसूबाई इगतपुरी-अकोले सीमेवर, टोक आपलं धरलं तर तीच, नाहीतर साल्हेर. साल्हेर बागलाण तालुक्यात, त्यामुळे बागलाणवाले अर्थातच साल्हेर म्हणणार :)