केवायसीतलं ते "नाहीत": तुमच्याकडे कुणी उलगडून सांगितलं?

खडू-डस्टर

नमस्कार मंडळी. झेडपीच्या शाळेत मास्तर आहे, चौथीचा वर्ग, माणदेशातलं गाव. लाडकी बहीणची केवायसी भरताना आमच्या ओसरीवर काय काय झालं ते सांगतो, मग तुम्ही तुमच्याकडचं लिहा.

दिवाळी झाली, पोरं शाळेत परत आली आणि संध्याकाळी शेजारच्या वहिनी मोबाईल घेऊन आल्या. तेव्हा मुदत १८ नोव्हेंबरची होती, ३१ डिसेंबर नंतर झाली. आधार नंबर टाकला, कॅप्चा टाकला, ओटीपी आला, मग नवऱ्याचा आधार, त्याचा ओटीपी, जातीचा प्रवर्ग, सगळं सुरळीत झालं आणि शेवटी ते वाक्य आलं. मधली उपक्रम, मंडळं गाळून लिहितो: "माझ्या कुटुंबातील सदस्य नियमित/कायम कर्मचारी म्हणून सरकारी विभागात कार्यरत नाहीत किंवा सेवानिवृत्तीनंतर निवृत्तीवेतन घेत नाहीत." खाली होय आणि नाही.

वहिनींनी वाचलं आणि म्हणाल्या, "न्हाई वो, आमच्यात कुठली आलीय सरकारी नोकरी," आणि बोट निघालं "नाही" कडं. खरं सांगू, मी पण मान हलवली होती. नाहीच की. दादा टेम्पो चालवतो.

मग एकदम चाचणीचा पेपर आठवला. आमच्याकडं चूक की बरोबर असा प्रश्न असतो, त्यात मी एकदा "वटवाघूळ हा पक्षी नाही" असं वाक्य घातलं होतं आणि अर्ध्या वर्गानं चूक लिहिलं. का रे म्हणलं तर पोरगं म्हणतं, "सर पक्षी नाहीच ना, म्हणून चूक." हे तेच होतं! फॉर्म तुम्हाला काय विचारत नाही, तुमच्या तोंडून एक वाक्य वदवून घेतो आणि ते खरं का खोटं एवढंच विचारतो.

वहिनींना म्हणलं बोट उचला आधी. "आज भाकरी करपली नाही. चूक का बरोबर?" त्या म्हणाल्या बरोबर. "मग आमच्या घरात कुणी कायम सरकारी नोकरीत नाही, चूक का बरोबर?" बरोबर. "मग बरोबरला तिथं काय लिहिलंय?" होय. दाबलं.

दुसऱ्या दिवसापासून दहा-बारा जणी यायला लागल्या. मग मी पोरांच्या फळ्यावर ते वाक्य अख्खं लिहून ठेवलं आणि शेवटचा "नाहीत" लाल खडूनं गोल केला. प्रत्येकीला आधी मोठ्यानं वाचायला लावायचो, मग शेवटी "हे खरं आहे" असं स्वतः जोडायला सांगायचो. जोडताना जीभ अडखळली नाही तर होय.

आता अडचण. वहिनींच्या सासूबाई, आम्ही काकू म्हणतो, वय ६२, त्यांनाही २०२४ च्या ऑगस्टपासून १५०० येत होते. काका झेडपीत शिपाई होते, रिटायर, पेन्शन चालू. काकूंनी वाचलं, "हे खरं आहे" म्हणायला गेल्या आणि थांबल्या. त्यांचा धाकटा तिथंच होता, तो म्हणाला, "मास्तर, मधी किंवा आहे ना? बाबा कार्यरत नाहीत हे खरं. किंवा म्हणल्यावर एक खरं असलं तरी चालतंय." व्याकरणानं बघितलं तर पोराचं चुकत नव्हतं हो! मी म्हणलं तुझं वाक्य बरोबर, पण योजनेच्या अटीत नोकरी नाहीतर पेन्शन यातलं एक जरी असलं तरी बाद असं आहे, इथं तो "किंवा" हा "आणि" सारखा वाचायचा. काकू मोबाईल पदरात गुंडाळत म्हणाल्या, "उद्या बघू." जाताना धाकटा बोललाच, "तुमच्या घरात मिळत न्हाई म्हणून." माझी नोकरी कायम, आमच्या हिला मिळणारच नव्हते.

तुमच्याकडं कोण बसलं होतं ओसरीवर? लिहा.

रात्रपाळी

मी त्या ओसरीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस 😄 पुण्यात कंपनीत, बायको गावी. रात्रपाळी करून झोपलेलो, सकाळी ११ ला फोन, "ओटीपी आलाय तो सांगा." मी झोपेत ओरडलो, ओटीपी कुणाला सांगायचा नसतो माहीत नाही का. ती म्हणाली अहो मी बोलतेय. आवाज तिचाच, पण हल्ली आवाजाचा काय भरवसा म्हणून मी कट करून परत तिच्या नंबरवर लावला, तोवर ओटीपीची वेळ संपली. परत पाठवला तर रेंज नाही, ती पाण्याच्या टाकीवर चढली. तिसऱ्या वेळेला झालं. आमच्या शेजारणीचं तर झालंच नाही त्या दिवशी, तिच्या मालकाच्या आधारला जुना बंद पडलेला नंबर. तेव्हा नंबर बदलायला माणूस स्वतः आधार केंद्रात जावा लागायचा, ७५ रुपये लागायचे आणि तो सुरतेला.

एक नंबर

एवढं काय त्यात. आमच्या इथं पोरानं सगळ्यांना सांगितलं दोन्ही प्रश्नांना होय दाबायचं, विषय संपला. साठ-सत्तर बायकांचं करून दिलं एकाचंही अडकलं नाही. वाचत बसलं तर डोकं फिरतंय.

फायलीतला माणूस

एक नंबर, तुमचं बहुतेकींच्या बाबतीत बरोबर निघतं कारण बहुतेकींच्या घरात खरंच कायम नोकरी नसते. पण पेन्शनवाल्याच्या बायकोनं होय दाबलं की ते खोटं लिहून देणं झालं, आणि दाबणारा पोरगा तेव्हा कुठंच नसणार. मी तालुक्याला कारकुनी केली २६ वर्षं (म्हणजे आमच्या हिचंही उत्तर नाहीच), म्हणून सांगतो.

मास्तर, तुमची केस छान आहे, त्यात एक भर घालतो. बऱ्याच ठिकाणी असं पसरलं की सासऱ्याला पेन्शन म्हणजे सून पण बाद. तसं नाही. योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं-मुली. त्यामुळं एकाच घरात, एकाच चुलीवर, तुमच्या वहिनींचं उत्तर होय आणि सासूबाईंचं नाही, दोन्ही खरी. वाक्यात "माझ्या कुटुंबातील" आहे, "माझ्या घरातील" नाही, तिकडं कुणाचं लक्ष जात नाही. दुसरं म्हणजे "नियमित/कायम" हा शब्द. एका बाईचा नवरा नगरपालिकेत कंत्राटी सफाई कामगार, ती सरकारी म्हणून स्वतःला बाद करून मोकळी झाली होती. कंत्राटी माणूस त्या अटीत येत नाही, फक्त उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे.

गव्हाची ओंबी

फायलीतले दादा मग दुसऱ्या प्रश्नाचं सांगा ना. "कुटुंबातील केवळ १ विवाहित व १ अविवाहित महिला लाभ घेत आहे." माझी मुलगी ९ वर्षांची, ती कुठं लाभ घेतीय, म्हणजे माझ्यापुरतं ते वाक्य खोटं झालं की! मी अर्धा तास बोट हवेत धरून बसले.

फायलीतला माणूस

त्याचा अर्थ याच्यापेक्षा जास्त नाहीत असा घ्यायचा. तुम्ही होय. जावा-जावा एका रेशन कार्डावर असतील तर मात्र मला छातीठोक सांगता येत नाही, दोन ठिकाणी दोन उत्तरं ऐकलीत.

कपाशी १२

आमचंबी तसंच झालं. पीएम किसानचे २००० येईनात, केवायसी झाली तरी येईनात. मग पोराच्या सरांनी बँकेत नेलं तर कळालं का पैसे येतेत पण दुसऱ्याच खात्यात, सिमकार्ड घेताना त्या पोरानं अंगठा घेऊन खातं काढलेलं आन आधार तिकडं जोडलं गेलं. तिथं ६००० पडून होते. बायकाईनं आधी बघा आधार कोणत्या बँकेला जोडलंय.

गव्हाची ओंबी

दादा इथं विषय वेगळा आहे, लाडकी बहीणचा. पण बरं झालं सांगितलं, माझ्या बहिणीचे कुठं जातात ते आज बघते.

तुळशीपाशी

मला वाक्यापर्यंत पोचताच येईना, कारण पती किंवा वडिलांचा आधार टाका तिथंच थांबलं. मी विधवा, वडील पण नाहीत. गावातल्या पोरानं सांगितलं भावाचा टाका. बाईंनी (आमच्या शाळेतल्या, माझ्या मुलीला शिकवतात) हात धरला, म्हणाल्या भावाचं नाव सुद्धा काढू नका, थांबा जरा. मग मुदत वाढली तेव्हाच आलं की अशांनी फक्त स्वतःची केवायसी करायची आणि मृत्यू दाखला अंगणवाडीत द्यायचा. बाईंनी दाखल्याच्या मागं माझा आधार नंबर न लिहिता फक्त नाव आणि तारीख लिहायला लावली, आणि झेरॉक्सवर सेविकेची सही घेऊन एक प्रत मला ठेवायला सांगितली. ती प्रत अजून देव्हाऱ्यात आहे.

चुकलेली

मी "नाही" दाबलं. कुणी वाईट सांगितलं नव्हतं, मीच दाबलं, बारावी शिकलेय. आमचे हे मजुरी करतात. खाली हिरवं यशस्वी आलं म्हणून मी खूश. चूक असती तर लाल आलं असतं असंच वाटतं ना माणसाला. हप्ता थांबला तेव्हा परत साइट उघडली तर आधार टाकल्यावर केवायसी आधीच पूर्ण आहे एवढंच आलं, आत जाऊन बदलायला जागा नव्हती. जानेवारीत जाहीर झालं की अशा बायकांची अंगणवाडी सेविकांकडून प्रत्यक्ष पडताळणी होणार. ताई येऊन गेल्या, लिहून नेलं. पुढं अजून काही नाही. मास्तर तुमच्या भाकरीचं वाक्य मला तेव्हा पाहिजे होतं.

खडू-डस्टर

चुकलेली ताई, ते हिरवं यशस्वी म्हणजे फॉर्म पोचला एवढंच, पेपर जमा केला म्हणजे पास नव्हे. हे मी पण आमच्या बायकांना सांगितलं नव्हतं, तेवढी माझी चूक. ताईंनी लिहून नेलंय त्याची तारीख तेवढी वहीत टिपून ठेवा.

आणखी एक राहिलं, आमच्याकडं पहिल्या दोन दिवसांत तिघी जणी व्हॉट्सॲपवर आलेल्या भलत्याच लिंकवर आधार टाकून बसल्या होत्या. तेव्हापासून फळ्यावर वाक्याच्या वर ladakibahin.maharashtra.gov.in लिहिलं आणि सांगितलं, शेवटी gov.in नसेल तर मोबाईल पालथा घाला.

एक नंबर

मास्तर त्या काकूंचं काय झालं ते सांगितलंच नाही. दाबलं काय त्यांनी?

खडू-डस्टर

माहीत नाही हो. परत आल्याच नाहीत त्यासाठी. धाकट्यानं बाजाराच्या गावी जाऊन भरला असं वहिनी म्हणाल्या, काय भरलं ते त्यांनाही माहीत नाही आणि मी विचारलं नाही. महिनाभर काकूंनी ओसरीकडं बघितलं नाही. परवा संक्रांतीला मात्र हिच्या हातात वाण दिलं आणि मला विचारलं, "मास्तर, ती वटवाघळाची गोष्ट खरी का, पक्षी न्हाई ते?"