मदत हवी आहे: १६ स्लाइडची फाइल आली, सोबत एकच शब्द, "सुधारा"

शिवारफेरी
आमच्या संस्थेतल्या नव्या सहकाऱ्याने गावाच्या पाणी ताळेबंदाचं प्रेझेंटेशन शेअर्ड फोल्डरमध्ये टाकलं आणि खाली लिहिलं, "ताई, सुधारा." बाकी काही नाही. रब्बीच्या पेरणीआधी ग्रामसभेत ते दाखवायचं आहे.

मी रात्री बसून अठरा कमेंट टाकल्या. फॉन्ट लहान आहे, वाक्य बोजड आहे, ही स्लाइड आधी हवी, सगळं एकातच. सकाळी बघते तर त्याने रंग बदललेले, शुद्धलेखन दुरुस्त केलेलं आणि क्रम जसाच्या तसा. त्याला दोष देणार नाही. त्यातलं मोठं काय आणि बारीक काय, हे माझ्या कमेंटांतून कळतच नव्हतं. आशय, शब्द आणि मांडणी यांचे अभिप्राय वेगळे कसे करता?

क्रम असा आहे: १ ते ५ संस्थेची माहिती, ६ ते ८ पाऊस, ९ वर सात तुकड्यांचा पाय चार्ट, १० ते १४ पीकवार तक्ते, १५ वर "शिफारसी", मग आभार.

रेषाकाम
आधी टेम्प्लेट बदला. एका स्लाइडवर सहा ओळी, ओळीत सहा शब्द, एवढं पाळलं तरी निम्मे प्रश्न सुटतात. ग्रामसभेच्या हॉलमध्ये उजेड असतो, त्यामुळे पांढऱ्यावरची पिवळी अक्षरं प्रोजेक्टरवर पुसून जातात.

जुना पाणलोटवाला
उजेडाचं अगदी खरं. पण टेम्प्लेट आधी बदललं तर उद्या काढून टाकायच्या पाच स्लाइडही सजवून होतील. शिवारफेरी ताई, त्याला आधी एकच विचारा: हे पाहून गावाने काय ठरवावं?

शिवारफेरी
विचारलं. गव्हाचं क्षेत्र कमी करून हरभरा वाढवावा, असं म्हणतो. ते १५व्या स्लाइडवर तिसऱ्या ओळीत आहे.

जुना पाणलोटवाला
मग पहिली फेरी फक्त आशयाची करा. स्लाइड सॉर्टर उघडून नुसती शीर्षकं ओळीने वाचा. "प्रस्तावना, पर्जन्यमान, पाणी वापर, शिफारसी" यातून गोष्ट उभी राहत नाही. या फेरीत फक्त "हलवा", "काढा", "इथे दुवा तुटतो" एवढंच लिहा. फॉन्ट कितीही खुपला तरी गप्प राहायचं.

९वी स्लाइड जरा उघडून सांगा, त्या तुकड्यांत काय आहे?

शिवारफेरी
गहू, कांदा, ऊस, हरभरा, जनावरं, पिण्याचं पाणी, इतर. मी तिथे "गिचमिड, रंग कमी करा" असं लिहिलं होतं. आकडे असे आहेत: वापरता येण्याजोगं पाणी ९०० टीसीएम, गरज १,१५० टीसीएम.

जुना पाणलोटवाला
तर तो रंगांचा दोषच नाही. तुमच्या चार्टमध्ये गरजेची वाटणी आहे, उपलब्ध पाणी त्यात कुठेच नाही. त्यामुळे २५०ची तूट त्या वर्तुळात दिसणारच नाही, रंग दोन करा की दहा. शेजारी शेजारी दोन खांब काढा, "आहे" आणि "लागेल", आणि ही तूट सुरुवातीलाच दाखवा. दिसायला वाईट वाटणारी स्लाइड पुष्कळदा आशयातच अडलेली असते, म्हणून ती कमेंट आशयाच्या यादीत घाला.

दुसरी फेरी शब्दांची, स्लाइड मोठ्याने वाचून. टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, पण बांधावर तसं कोण बोलतं? २५० टीसीएम म्हणजे २५ कोटी लिटर. "पाणी वापर विश्लेषण" काढून "यंदा २५ कोटी लिटर पाणी कमी पडणार" लिहा. मात्र मग सगळीकडे लिटरच ठेवा. एका स्लाइडवर टीसीएम, दुसरीवर लिटर असलं की आकडे चुकल्यासारखे वाटतात.

मांडणी सगळ्यात शेवटी. त्याच हॉलमध्ये, दुपारी, मागच्या रांगेत बसून बघा.

प्रबंधवारी
माझंही असंच झालंय. गाईडनी तोंडी परीक्षेच्या ६० स्लाइड "सुधारून आणा" म्हणत परत दिल्या. इथे टाकू का? सहा ओळींचा नियम लावून त्या ९० झाल्यात.

रेषाकाम
तो नियम एका स्लाइडवरची दाटी कमी करायला आहे, स्लाइड फोडत बसायला नाही. पण हो, कुठला मजकूर ठेवायचा हे तो सांगत नाही, इतकं मान्य.

जुना पाणलोटवाला
प्रबंधवारी, वेगळा धागा काढा. परीक्षक काय तपासणार आणि वेळ किती, हे आधी लिहा.

माळरान
एक विरोध नोंदवतो. तूट दुसऱ्याच स्लाइडवर आणू नका. आमच्या गावात तसं केलं आणि गहूवाले उठून गेले. आधी पर्जन्यमापकाच्या नोंदी दाखवा, त्या लोकांनी स्वतः घेतलेल्या असतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर, हा हिशोब फळ्यावर त्यांच्याकडूनच करून घ्या. मग तूट.

जुना पाणलोटवाला
माझा अनुभव उलटा आहे. तूट उशिरा आली की निम्मी सभा पांगलेली असते. गावागावावर आहे.

शिवारफेरी
जुन्या कमेंट काढून टाकल्या. आशयाच्या चारच ठेवल्या: संस्थेच्या पाच स्लाइडची एक, ९वर दोन खांब, पीक तक्त्यांतून गहू-हरभरा एवढाच, १५वी वर. किती वर, ते त्याच्यावर सोडलंय; गहूवाल्यांची घरं त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. शब्दांची फेरी गुरुवारी. तोवर त्याला सांगितलंय, रंगांना हात लावू नकोस.