विषय: हॉलचं डिपॉझिट: पत्रातलं इटालियन कोणीतरी बघा (तातडीचं)

मृणाल, बुधवार, सकाळी

नमस्कार मंडळी,

शनिवारी हॉलच्या किल्ल्या घेऊन कोणी आलंच नाही, तो गोंधळ सगळ्यांना माहीत आहेच, परत सांगत नाही. डिपॉझिटचे 150 युरो परत मिळावेत म्हणून मी आज सकाळीच हॉलच्या ऑफिसला लिहिलं. कुस्तोदे, म्हणजे हॉलचा रखवालदार, शुक्रवारी फोनवर काय बोलला ते त्यांनी लेखी मागितलं होतं. त्याचे शब्द मी तेव्हाच कागदावर टिपून ठेवले होते:

«ओ जा मान्दातो ला रिचेवूता. दोमानी वी पोर्तो क्वी ले क्यावी. से नॉन ची सोनो, क्यामातेमी.» म्हणजे, "पावती मी आधीच पाठवली आहे. उद्या तुम्हाला इथे किल्ल्या आणून देतो. मी नसलो तर मला फोन करा."

मी लिहिलं: «इल कुस्तोदे आ देत्तो के दोमानी वी पोर्तो क्वी ले क्यावी.»

आज उत्तर आलंय, "तुम्ही उद्या आमच्याकडे कोणत्या किल्ल्या आणणार आहात?" मला काही कळेना. दुपारी 3 पर्यंत दुरुस्त करून पाठवायचंय. मदत करा.

मृणाल

धनंजय

मृणाल, डिपॉझिट 150 नव्हतं, 200 होतं. पावती माझ्याकडे आहे. आणि ऑफिसशी पत्रव्यवहार खजिनदाराने करायचा असं गेल्या वर्षी ठरलं होतं ना?

मृणाल

धनंजयदादा, 50 साफसफाईचे, ते वेगळे. प्रश्न वाक्याचा आहे.

श्रीकांत

मृणाल, साधी गोष्ट आहे. बोलणं भूतकाळात गेलं की क्रियापद एक पायरी मागे सरकतं. इंग्रजीत विल चं वुड होतं, फ्रेंचमध्येही तसंच. मी जिनिव्हात सहा वर्षं काढली आहेत. म्हणून «आ देत्तो के ची पोर्तेरेब्बे ले क्यावी» लिही. दोमानीचं «इल जोर्नो दोपो». झालं.

सायली

श्रीकांतकाका, पोर्तेरेब्बे लिहिलेलं मी बी-1 च्या वर्गात दाखवलं होतं, बाईंनी लाल रेघ मारली. नागरिकत्वासाठी 2018 पासून बी-1 लागतं म्हणून मी पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा शाळेत बसले, तेव्हा हे पक्कं लक्षात आहे. त्या म्हणाल्या, «आव्रेब्बे पोर्तातो».

पण तेव्हापासून मला एक शंका आहे. «आव्रेब्बे पोर्तातो» म्हणजे "आणल्या असत्या" ना? मग पत्रात तो "आणल्या असत्या" असं म्हणाला, असा अर्थ होईल. त्याने तर आणतो असं नक्की सांगितलं होतं! ऑफिस म्हणेल, त्याने वचन दिलंच नव्हतं.

श्रीकांत

बरोब्बर. म्हणूनच पोर्तेरेब्बे.

अनघा

मृणाल, आधी तुझ्या पत्राचं सांगते. त्यांचा प्रश्न वाकडा वाटला तरी रास्त आहे.

आपण मराठीत सहज म्हणतो, "तो म्हणाला की मी उद्या किल्ल्या आणून देतो." इथे "मी" म्हणजे तो आणि "उद्या" म्हणजे त्याचा उद्या. आपण जणू त्याच्या जागी उभं राहून बोलतो. इटालियनमध्ये «के» लिहिलंस की बोलणारी तूच. मग «वी पोर्तो» म्हणजे मृणाल ऑफिसच्या लोकांना किल्ल्या देते, «क्वी» म्हणजे जिथून तू लिहितेस तिथे आणि «दोमानी» म्हणजे गुरुवार. "तो म्हणाला की मी तुम्हाला उद्या किल्ल्या आणून देते" असंच त्यांनी वाचलं.

आता बदल. मूळ «वी» म्हणजे तुम्हाला, पण तुम्हीच सांगताय म्हणून «ची». «क्वी» चं «ली». बोलणं शुक्रवारचं, पत्र बुधवारचं, म्हणून दोमानीच्या जागी «इल जोर्नो दोपो». शुक्रवारी संध्याकाळीच लिहिलं असतंस, तर «दोमानी» आणि वर्तमानकाळही चालला असता, कारण तो उद्या अजून यायचा होता. ठरतं ते तू कधी आणि कुठून सांगतेस यावर. शाळेतले तक्ते हे सांगत नाहीत.

सायली, तुझ्या बाई बरोबर. «पोर्तो» दिसतो वर्तमानकाळ, पण बोलतोय उद्याचं. म्हणून «आव्रेब्बे पोर्तातो». श्रीकांत, «पोर्तेरेब्बे» जुन्या इटालियनमध्ये सापडेल, आजच्या पत्रात चूक धरतील. इथे फ्रेंच आणि इटालियनच्या वाटा वेगळ्या होतात.

"आणल्या असत्या" हा आपला मराठी कान आहे. तेच रूप इटालियनमध्येही "असत्या"साठी येतं, हे खरं. पण «आ देत्तो के» नंतर आलं की त्याचा अर्थ एवढाच की बोलण्याच्या वेळी ती गोष्ट पुढे व्हायची होती. झाली की नाही, हे रूप सांगतच नाही. तो वेळेवर आला असता, तरी हेच वाक्य लिहावं लागलं असतं. म्हणून "आला नाही" हे वेगळं लिहा, क्रियापदाच्या भरवशावर सोडू नका.

अनघा

रोहन

माझे इटालियन सहकारी दिवसभर «आ देत्तो के वेनीवा» म्हणतात. सारेब्बे वेनूतो वगैरे कोण बोलतं?

अनघा

बोलण्यात बरेच जण म्हणतात, रोहन, आणि त्यात चूक नाही. पण तक्रारीच्या पत्रात «पोर्तावा» लिहिलं, तर नेहमी आणून द्यायचा असंही वाचता येतं.

धनंजय

एवढी डोकेफोड कशाला? त्याचे शब्द जसेच्या तसे अवतरणात टाका आणि मोकळे व्हा.

मृणाल

धनंजयदादा, तो फोन होता, रेकॉर्डिंग नाही. अवतरणात टाकलं आणि तो म्हणाला "मी हे शब्द वापरलेच नाहीत", तर मग? आशय सांगितलेला बरा.

अनघाताई, बाकीची दोन वाक्यं मी अशी केली आहेत: «आ देत्तो के आ जा मान्दातो ला रिचेवूता» आणि «आ देत्तो दी क्यामातेमी». बरोबर आहे का?

अनघा

पहिल्यात «आवेवा जा मान्दातो» कर. पावती त्याने फोनच्याही आधी पाठवली होती, म्हणून एक पायरी आणखी मागे.

दुसऱ्यात पुन्हा तोच सापळा. «दी» नंतर आज्ञा येत नाही, मूळ रूप येतं. आणि त्याचा «मी» आता «लो» होतो: «दी क्यामार्लो». «दी क्यामार्मी» लिहिलंस, तर फोन तुला करायचा होता असं होईल.

सगळं मिळून:

«वेनेर्दी इल कुस्तोदे ची आ देत्तो के आवेवा जा मान्दातो ला रिचेवूता ए के इल जोर्नो दोपो ची आव्रेब्बे पोर्तातो ली ले क्यावी. ची आ देत्तो आंके दी क्यामार्लो, से नॉन फोस्से स्तातो ली. साबातो नॉन ए वेनूतो ए नॉन आ रिस्पोस्तो आल तेलेफोनो.»

शेवटचं वाक्य सरळ, तुमच्या तोंडचं. तिथे काहीच सरकवायचं नाही.

सायली

अनघाताई, «से नॉन फोस्से स्तातो» का? आम्हाला वर्गात नुसतं «से नॉन चेरा» चालतं असं सांगितलं होतं.

अनघा

चालतं, बोलताना तर मीही तेच म्हणते. माझ्यासोबत दुभाष्याचं काम करणारी एक बाई मात्र पत्रात तसं दिसलं की खोडते. आमचा हा वाद गेली कित्येक वर्षं चालू आहे.

श्रीकांत

मी जिनिव्हातल्या एका इटालियन शेजाऱ्याला विचारतो पोर्तेरेब्बेबद्दल.

मृणाल

2:40 ला पाठवलं. «इल जोर्नो दोपो» च्या जागी तारखेसह «साबातो» टाकलं, म्हणजे पुन्हा कोणी उद्या कुठला म्हणून विचारायला नको.

अनघाताई, खूप आभार. धनंजयदादा, पावतीचा फोटो पाठवा, आता ती मागताहेत. कुस्तोदेने पाठवलेली रिचेवूता नक्की कोणाच्या ईमेलवर आली होती?

धनंजय

माझ्या नाही.